व्याज वेळेवर येते म्हणून मुद्दल शाबूत असते का?

खासगी फायनान्स कंपनीत पैसे ठेवलेल्या माणसाला ‘पैसे सुरक्षित आहेत हे कशावरून?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. तीन वर्षे झाली, दर महिन्याच्या पाच तारखेला व्याज जमा होते, एकदाही चुकले नाही. हे उत्तर प्रामाणिक असते आणि ऐकणाऱ्यालाही पटते. शेजारी, मेहुणे, सोबत निवृत्त झालेले सहकारी याच उत्तराच्या भरवशावर आपली ग्रॅच्युइटी तिथे नेऊन ठेवतात. पण भरमसाट व्याज देणाऱ्या कंपन्या आजवर कशा बुडाल्या हे पाहत गेले, की लक्षात येते ते हे की वेळेवर येणारे व्याज ही सगळ्यांत कमकुवत खूण आहे. ठेव परत करण्याची ताकद कंपनीत आहे का, हे ज्या खुणांवरून कळते त्या वेगळ्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा व्याज थांबण्याच्या खूप आधी दिसू लागतात.

आधी साधा हिशेब करू. समजा, एका कंपनीने तीन वर्षांच्या मुदतीने एक कोटी रुपयांच्या ठेवी गोळा केल्या. व्याज महिन्याला दोन टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ठेवी आणून देणाऱ्या एजंटांना पाच टक्के कमिशन दिले, म्हणजे पाच लाख पहिल्याच दिवशी गेले. भाडे, पगार, जाहिरात मिळून वर्षाला पाच लाख खर्च. आता असे धरू की या कंपनीने उरलेले ९५ लाख कुठेही गुंतवले नाहीत, एका रुपयाचाही धंदा केला नाही. तरीही ती महिन्याला दोन लाख व्याज पूर्ण तीन वर्षे, एकही तारीख न चुकवता देऊ शकते. तीन वर्षांत ७२ लाख व्याज आणि १५ लाख खर्च, असे ८७ लाख जातात. मुदत संपते त्या दिवशी तिजोरीत आठ लाख असतात आणि देणे असते एक कोटीचे.

म्हणजे ठेवीदार तीन वर्षे जे व्याज म्हणून घेत होता, ते त्याचेच मुद्दल होते. पहिल्या वर्षाअखेरीस कंपनीकडे ६६ लाख उरले होते आणि देणे कोटीचे होते. दिवाळे तेव्हाच वाजलेले होते. ते बाहेर दिसायला चौथे वर्ष उजाडावे लागते. मधल्या काळात नव्या ठेवी येत राहिल्या तर जुन्यांचे मुद्दलही परत करता येते, आणि मग ‘माझे पैसे मुदतीला मिळाले’ असे सांगणारे साक्षीदारही तयार होतात. प्रत्येक नव्या कोटीबरोबर खड्डा मोठा होतो आणि कंपनीचा लौकिक वाढतो. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, हे या विषयातले सगळ्यांत जड सत्य आहे.

भारतात याचे गाजलेले उदाहरण कोलकात्याच्या संचयिता इन्व्हेस्टमेंट्सचे. ही लिमिटेड कंपनीही नव्हती. जुलै १९७५ मध्ये सुरू झालेली ती एक भागीदारी पेढी होती आणि तिचे भांडवल अवघे सात हजार रुपये होते. लोकांकडून ती ठेवी घ्यायची. पावतीवर व्याजाचा दर लिहिलेला असे १२ टक्के. पण प्रत्यक्षात ठेवीदारांना वर्षाला ४८ टक्क्यांपर्यंत मिळत असे. वरचे ३६ टक्के कागदावर न येता रोखीने पोचवले जात, असा सरकारचा आरोप होता. पुढे हा एकूण दर ३६ टक्क्यांवर आणला गेला. सुमारे १२० कोटी रुपये आणि लाखाहून अधिक ठेवीदार असा तिचा पसारा वाढला. १९८० मध्ये गुन्हा नोंदला गेला, झडत्या झाल्या आणि ते चक्र थांबले.

चार टक्के महिना देणाऱ्या पेढीने खर्च शून्य धरला आणि काहीच कमावले नाही, तर ठेवीदाराचे शंभर रुपये २५ महिने पुरतात. संचयिता पाच वर्षांहून अधिक काळ चालली, याचा अर्थ नव्या ठेवींचा ओघ तेवढा मोठा होता. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र पाच वर्षांचा चोख व्यवहार दिसत होता.

या खटल्याचा पुढचा भागही माहीत असायला हवा. पश्चिम बंगाल सरकारने १९७८ च्या प्राइझ चिट आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणाऱ्या कायद्याखाली तपास सुरू केला होता. १९८२ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला की नोंदलेल्या तक्रारीत त्या कायद्यातला गुन्हा दिसत नाही. केवळ अवाच्या सवा व्याज देणे म्हणजे त्या कायद्याच्या व्याख्येतली ‘मनी सर्क्युलेशन’ योजना ठरत नाही. कायद्यातली ही पोकळी बुजवायला रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली आणि भागीदारी पेढ्या किती जणांकडून ठेवी घेऊ शकतात यावर मर्यादा आली. १९९७ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद झाली. ज्यांचा धंदा पैसे उसने देण्याचा किंवा गुंतवण्याचा आहे अशा व्यक्तीला, भागीदारी पेढीला किंवा नोंदणी नसलेल्या मंडळाला आता लोकांकडून ठेवी घेताच येत नाहीत. नातेवाइकांचा अपवाद आहे. तेव्हा पावतीवर ‘अमुक फायनान्स’ असे छापलेले असेल आणि खाली मालक किंवा भागीदार म्हणून सही असेल, तर पुढचा कोणताही हिशेब करण्याची गरज नाही. त्या पेढीला ती ठेव घेण्याचा अधिकारच नाही.

संचयितामध्ये दिसलेली दुसरी खूण आजही तशीच दिसते. व्याजाचे दोन भाग केलेले असतात. एक पावतीवर, दुसरा तोंडी. किंवा एक बँकेतून, दुसरा पाकिटातून. ठेवीदाराला वाटते, आपला कर वाचतो. पण कागदावर नसलेल्या व्याजाचा दावा कुठल्याही अधिकाऱ्यापुढे करता येत नाही. शिवाय तो भाग घेतलेला माणूस तक्रार करायला कचरतो, कारण आपणही अडकू अशी भीती त्याला असते. पेढीला ही भीती सोयीची असते. मुद्दलाचाही काही भाग रोखीने मागितला जात असेल, तर माझ्या मते तिथेच थांबावे.

आता उलट बाजूने पाहू. समजा, कंपनी प्रामाणिक आहे आणि खरोखरच कर्जे देते. २४ टक्के व्याज देण्यासाठी तिला किती कमवावे लागेल? शंभर रुपयांच्या ठेवीतून पाच रुपये कमिशन गेले. रोजच्या परतफेडीसाठी दहा रुपये हाताशी ठेवले. कर्जाऊ दिले ८५. वर्षभरात २४ रुपये व्याज, पाच रुपये ऑफिसखर्च आणि कमिशनचे पाच रुपये भरून काढायचे, असे ३४ रुपये या ८५ मधून यायला हवेत. म्हणजे ४० टक्के. त्यात ८५ पैकी आठ रुपये बुडाले असे धरा. मग उरलेल्या ७७ रुपयांवर ४२ रुपये मिळवावे लागतात, म्हणजे जवळपास ५५ टक्के.

वर्षाला ५५ टक्क्यांनी कर्ज घेणारा माणूस कोण असतो? ज्याला बँक देत नाही, पतसंस्था देत नाही, सोने गहाण ठेवायला ज्याच्याकडे उरलेले नाही, तो. अशा माणसाकडून ८५ पैकी आठ रुपयेच बुडतील हे गृहीतकही फार आशावादी आहे. थोड्या रकमा, थोड्या दिवसांसाठी, रोज वसुली करून असा धंदा बाजारपेठेत चालतो. मात्र शेकडो कोटी रुपये तीन तीन वर्षे या दराने फिरवता येतील इतके कर्जदार मिळत नाहीत. म्हणून कंपनीला विचारायचा मूळ प्रश्न असा: पैसे कशात लावता, आणि त्या धंद्यात एवढी रक्कम मावते का?

हा मावण्याचा प्रश्न १९२० मध्ये बोस्टनमध्ये विचारला गेला होता. चार्ल्स पॉन्झी ४५ दिवसांत ५० टक्के परतावा देत होता. त्याचे म्हणणे असे की परदेशात स्वस्तात मिळणारी आंतरराष्ट्रीय टपाल कूपने घेऊन अमेरिकेत ती महाग तिकिटांत बदलता येतात. कल्पना कागदावर खोटी नव्हती. किमतीत फरक खरोखर होता. पण आर्थिक पत्रकार क्लॅरेन्स बॅरन यांनी हिशेब मांडला की पॉन्झीने घेतलेल्या पैशांना पुरतील अशी १६ कोटी कूपने चलनात असायला हवीत, आणि प्रत्यक्षात ती जगभर २७ हजारांच्या आसपास आहेत. बातमी आल्यावर लोकांनी गर्दी केली. पॉन्झीने काही दिवस सगळ्यांना पैसे दिले आणि गर्दी ओसरली. ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली. गर्दीच्या दिवसांत पैसे मिळाले हा लोकांना पुरावा वाटला होता. खरा पुरावा बॅरन यांच्या हिशेबात होता.

आपल्याकडेही हे कूपन वेगवेगळी नावे घेऊन येते. शेळीपालन, सागाची झाडे, हॉटेलच्या खोल्या, परकीय चलनाचे ट्रेडिंग, रत्ने, बांधकामाचे प्लॉट. यातला प्रत्येक धंदा जगात कुठेतरी चालतो, म्हणून ऐकताना खोटा वाटत नाही. तो या रकमेला, या दराने, या मुदतीत चालतो का, एवढेच विचारायचे असते.

दराचा एक सरकारी मापदंडही आहे आणि तो लक्षात ठेवायला सोपा आहे: साडेबारा टक्के. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली बिगरबँक वित्त कंपनी ठेवींवर वर्षाला यापेक्षा जास्त व्याज देऊ शकत नाही. २००७ पासून हीच कमाल मर्यादा आहे. निधी कंपन्यांना आणि कंपनी कायद्याखाली ठेवी घेणाऱ्या इतर कंपन्यांनाही तीच कमाल लागू होते. वित्त कंपनीच्या ठेवीची मुदत किमान १२ आणि कमाल ६० महिने असते. तिला बचत खात्यासारखी मागाल तेव्हा काढता येणारी ठेव घेता येत नाही. तेव्हा १८ किंवा २४ टक्के देणारी ‘ठेव’ समोर आली, तर दोनच शक्यता उरतात: ती कंपनी या नियमांखाली नाही, किंवा नियम मोडते आहे. तिसरी शक्यता सांगितली जाते ती अशी की ही ठेव नव्हेच, हे ‘कर्ज करारपत्र’ आहे, ‘भागीदारीतला वाटा’ आहे, ‘प्लॉटची आगाऊ रक्कम’ आहे, ‘डिबेंचर’ आहे.

डिबेंचरचे सोंग ओळखायला एक आकडा पुरतो. जाहीर विक्री न करता खासगी वाटप करणारी कंपनी एका आर्थिक वर्षात दोनशेपेक्षा जास्त सामान्य लोकांना ते देऊ शकत नाही. एजंट सगळ्या कॉलनीला, मग शेजारच्या दोन गावांना तेच डिबेंचर विकत फिरत असेल, तर ही मर्यादा केव्हाच ओलांडली गेली असणार. बाकीच्या नावांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. त्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्यातली ठेवीची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. पैसे घेतले आणि ते रोख, वस्तू किंवा सेवेच्या रूपाने परत द्यायचे ठरले, तरी ती ठेव ठरू शकते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रुंद व्याख्या मान्य केली. देशभरासाठी २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदाही आहे. पण हे कायदे ठेवीदाराच्या हाती बहुधा पैसे अडकल्यावर येतात.

प्रमाणपत्रांबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण सुशिक्षित माणसे तिथेच फसतात. भिंतीवर रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र टांगलेले असते. रिझर्व्ह बँकेकडे हजारो वित्त कंपन्या नोंदलेल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकींना लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगीच नाही. त्या फक्त कर्जे देऊ शकतात. परवानगी असलेल्या मोजक्या कंपन्यांची वेगळी यादी rbi.org.in वर असते. कोणते प्रमाणपत्र आहे हे प्रमाणपत्रावरच लिहिलेले असते, पण टांगलेल्या फ्रेममधला बारीक मजकूर कुणी वाचत नाही. परवानगी असली तरी रिझर्व्ह बँक परतफेडीची हमी घेत नाही, असे जाहिरातीतच छापावे लागते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे जे कवच असते, ते फायनान्स कंपनी, निधी किंवा पतसंस्था यांतल्या कोणत्याही ठेवीला नाही. एकाच गल्लीत या चारही पाट्या शेजारी शेजारी असतात आणि काउंटर सारखेच दिसतात, त्यामुळे हा फरक सहज निसटतो.

परवाने असलेल्या कंपनीचे काय होऊ शकते, ते सीआरबी कॅपिटल मार्केट्सने १९९७ मध्ये दाखवले. चैनरूप भन्साळी यांच्या या समूहाचा म्युच्युअल फंड होता, ठेवी होत्या, आणि रिझर्व्ह बँकेने खासगी बँक काढायला तत्त्वतः संमतीही दिली होती. १९९७ च्या एप्रिलमध्ये त्याच रिझर्व्ह बँकेने ठेवी घ्यायला मनाई केली आणि मे महिन्यात कंपनी गुंडाळण्यासाठी कोर्टात अर्ज केला. परवाना मिळताना कंपनी कशी होती एवढेच परवान्यावरून कळते.

आज कशी आहे हे कळायला ताळेबंद लागतो. तो mca.gov.in या संकेतस्थळावर थोडी फी भरून मिळतो. पाने खूप असली तरी ठेवीदाराने तीन जागा पाहिल्या तरी पुरे. पहिली, कंपनीने पैसे कुणाला दिलेत. संचालकांच्याच दुसऱ्या कंपन्यांना, त्यांच्या घरच्यांच्या नावावरील पेढ्यांना मोठी कर्जे असतील, तर ठेवीदाराचा पैसा एका खिशातून दुसऱ्यात गेलेला आहे. दुसरी, उत्पन्नात दाखवलेले व्याज हाती आले आहे की ‘येणे’ म्हणून नुसते लिहिलेले आहे. नफा दरवर्षी वाढतो आणि येणे व्याज त्याहून वेगाने वाढते, हे लक्षण वाईट. तिसरी, रोख प्रवाहाचे पत्रक. धंद्यातून रोकड येते की जाते, आणि वर्षभरात ठेवीदारांना दिलेले पैसे नव्या ठेवींतून आले का, हे तिथे जवळजवळ उघड लिहिलेले असते. आमच्या सुरुवातीच्या काल्पनिक कंपनीचे पत्रक मांडले असते, तर पहिल्याच वर्षी सगळे दिसले असते.

याच संकेतस्थळावर कंपनीच्या मालमत्तेवरच्या बोज्यांची नोंद असते. इमारत, जमीन, येणी हे सगळे बँकांकडे तारण असेल, तर कंपनी बुडताना ठेवीदाराचा नंबर मागे लागतो. मोठी इमारत पाहून निर्धास्त होणाऱ्याने ती नोंद आधी पाहावी. ताळेबंदच दाखल झालेला नाही किंवा लेखापरीक्षकाने मुदतीच्या मध्येच राजीनामा दिला आहे, ही खूण तर कुठलाही आकडा वाचता येत नसलेल्यालाही कळेल.

कागद वाचणे सगळ्यांना जमणार नाही. वागणूक मात्र सगळ्यांना दिसते, आणि ती एका ठरावीक क्रमाने बदलते. त्या क्रमामागे साधे गणित आहे. अडचणीत आलेल्या कंपनीकडे दहा लाख रुपये उरलेत असे समजा. एक लाखाची ठेव परत मागणारे दहा जण आहेत, आणि दोन हजार रुपये मासिक व्याजाची वाट पाहणारे पाचशे. दहा लाखांत दहा जणांचे मुद्दल फिटते, किंवा पाचशे जणांचे महिन्याचे व्याज. कंपनी पाचशे जणांना शांत ठेवणे पसंत करते. म्हणून मुद्दल आधी अडते आणि व्याज सर्वांत शेवटी. व्याज थांबले तेव्हा धोका कळला, असे म्हणणाऱ्याला तो सगळ्यांत उशिरा कळलेला असतो.

मुद्दल अडण्याची सुरुवात नकारातून होत नाही, आग्रहातून होते. मुदत संपायच्या आधीच फोन येतो: आता पैसे काढू नका, नूतनीकरण केलेत तर अर्धा टक्का जास्त देऊ. मग ‘नूतनीकरणावर चांदीचे नाणे’. मग नव्या ठेवींचा दर चढतो आणि मुदत उतरते. तीन वर्षांच्या जागी सहा महिन्यांची योजना येते, तीही जास्त दराची. ज्याला दीर्घ मुदतीच्या धंद्यासाठी पैसे हवेत तो असे करत नाही. पुढच्या महिन्याची देणी भागवायची असतात तोच असे करतो. मुंबईतल्या टोरेस ज्वेलरीच्या योजनेत दर आठवड्याला परतावा कबूल केला जात होता. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या दालनापुढे गर्दी जमली, त्याच्या आधीच्या दिवसांत जास्त परताव्याचे आमिष दाखवून पैसे भरायला सांगितले जात होते, असे तक्रारदारांनी सांगितले आहे. ते प्रकरण न्यायालयात आहे.

त्यानंतरच्या टप्प्यात पुढच्या तारखेचे चेक हाती पडतात. तारीख आली की फोन येतो, ‘चेक आत्ता भरू नका, पंधरा दिवस थांबा’. कधी सांगतात बँकेचे सर्व्हर बंद आहे, कधी मोठा व्यवहार होणार आहे. मग ठेवीच्या बदल्यात दुसरे काही देऊ केले जाते: समूहातल्या दुसऱ्या कंपनीचे शेअर, तालुक्याच्या बाहेरचा प्लॉट, अर्धवट बांधलेला फ्लॅट. हा बदल स्वीकारताना मूळ पावती परत घेतली जाते. इथे फार जपावे. पावती दिली की ठेवीदाराचा दावा पहिल्या कंपनीवरून उठून रिकाम्या दुसऱ्या कंपनीवर जाऊ शकतो.

या सगळ्यात एजंट काय सांगतो याला पुरावा म्हणून फार किंमत देऊ नये, तो कितीही सज्जन असला तरी. बहुतेक एजंट कट करणारे नसतात. ते गावातले शिक्षक, पोस्टातले निवृत्त कर्मचारी, बचत गटातल्या ताई असतात आणि त्यांचे स्वतःचे पैसेही तिथेच असतात. त्यांना कंपनीची तिजोरी दिसत नाही. दिसतो तो वेळेवर येणारा कमिशनचा हप्ता. म्हणजे त्यांच्यापुढेही तेच व्याजाचे चित्र असते. त्यांचे कमिशन थकू लागले आणि ते नव्या ठेवी आणायला टाळाटाळ करू लागले, तर मात्र ती बातमी महत्त्वाची आहे.

एक खबरदारी या खुणांनाही लागू आहे. मुदतीआधी पैसे द्यायला नकार म्हणजे दिवाळखोरी नव्हे. वित्त कंपन्यांना पहिल्या तीन महिन्यांत ठेव परत करण्यावर निर्बंध असतात आणि नंतरही कराराच्या अटी असतात. खूण तेव्हा पक्की होते जेव्हा अट पूर्ण झालेली आहे आणि तरी पैसे येत नाहीत, किंवा सगळ्यांसाठीची अट एकाएकी बदलली जाते.

दुसरी खबरदारी उलट दिशेची आहे: दर साधा असला म्हणजे निश्चिंत होता येत नाही. मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्सचा, म्हणजे डीएचएफएलचा, ठेवींचा दर बाजाराहून फार वेगळा नव्हता आणि २०१९ च्या सुरुवातीपर्यंत पतमानांकन वरच्या श्रेणीचे होते. घरकर्जे पंधरा-वीस वर्षांची आणि उसनवारीतला मोठा भाग अल्प मुदतीचा, अशी रचना होती. २१ सप्टेंबर २०१८ रोजी एका म्युच्युअल फंडाने तिचे अल्प मुदतीचे रोखे चढ्या दराने, म्हणजेच पडत्या भावात, विकल्याची बातमी आली आणि शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळला. ठेवींच्या खिडकीवर दर तोच होता. पण मोठे गुंतवणूकदार त्याच कंपनीकडून जास्त दर मागू लागले होते. मे २०१९ मध्ये कंपनीने नव्या ठेवी घेणे आणि मुदतीआधी पैसे देणे थांबवले. जूनमध्ये देणी चुकली. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले, आणि पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला रकमेचा चौथा हिस्साही आला नाही. सामान्य ठेवीदाराला सप्टेंबरची बातमी आणि मे महिन्यातली बंदी यांच्यामध्ये सुमारे आठ महिने मिळाले होते.

खुणा दिसू लागल्यावर काय करावे? पहिली गोष्ट, नवे पैसे आणि नूतनीकरण थांबवावे आणि ज्या ठेवीची मुदत आधी संपते तिचे मुद्दल लेखी मागावे. व्याज घेत राहून मुद्दल तसेच ठेवण्यापेक्षा एका ठेवीचे मुद्दल मागून पाहणे ही सगळ्यांत स्वस्त चाचणी आहे. उत्तर पंधरा दिवसांत कळते. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर शिक्का घ्यावा. मूळ पावती प्रत्यक्ष पैसे जमा होईपर्यंत सोडू नये. सोडावीच लागली, तर तिची दोन्ही बाजूंची प्रत आणि पोच घ्यावी.

चेक मिळाला असेल तर तो तारखेपासून तीन महिन्यांतच भरावा, कारण त्यानंतर तो बाद होतो. ‘थांबा, थांबा’ म्हणत कंपनी नेमके हेच तीन महिने घालवते. चेक परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर कंपनीला १५ दिवस असतात आणि त्यानंतरच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी लागते. तक्रार पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे एमपीआयडी कायद्याखाली आणि sachet.rbi.org.in वर करता येते. एमपीआयडीखाली सरकार कंपनीची आणि प्रवर्तकांची मालमत्ता जप्त करू शकते. ती विकून पैसे वाटायला मात्र वर्षे लागतात. त्या वाटपात ठेवीदाराचा हिस्सा ठरतो तो त्याच्याकडच्या कागदांवरून: पावत्या, बँकेचे उतारे आणि तारीख असलेला प्रत्येक अर्ज.